‘अजामीनपात्र’ म्हणजे जामीन मिळतच नाही?

बांधावरचा: काल आमच्याकडच्या पेपरात बातमी आलीय. बांधावरून दोन घरांत मारामारी, परस्परविरोधी फिर्यादी. एक घर आमचं. त्यांच्या पोराने काकांना ढकललं, काका पडले, मनगटाचं हाड मोडलं, प्लास्टर आहे. माझ्या चुलतभावाच्या हातात विळा होता, तो समोरच्याच्या दंडाला लागला, तीन टाके पडले. पेपरवाला लिहितो की त्यांच्यावर जामीनपात्र गुन्हा आणि आमच्यावर अजामीनपात्र. हाड मोडणारा सुटला आणि तीन टाक्यांवाला अडकला, हे कसं? आणि ‘अजामीनपात्र’ म्हणजे जामीन नाहीच का? काकू सकाळपासून जेवलेली नाही, म्हणून विचारतोय.

चहा आणि पेपर: सोपं आहे. शिक्षा तीन वर्षांपेक्षा कमी असेल तर जामीनपात्र, तीन किंवा त्याच्या वर गेली की अजामीनपात्र. तुमच्या भावाचं कलम मोठं असणार. ताबडतोब अटकपूर्व जामीन टाका. दोन्ही बाजूंनी टाकलेला बरा.

कोर्टाची पायरी: थांबा, हा हिशेब इथे लागत नाही. जे विशेष कायदे जामिनाबद्दल काही बोलत नाहीत, त्यांच्यासाठी तसा नियम आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलमांसाठी मात्र नागरिक सुरक्षा संहितेच्या शेवटी तक्ता दिलाय. त्यात कलमासमोर जे छापलंय तेच खरं, शिक्षेवरून अंदाज बांधायचा नाही.

आता तुमचीच केस घ्या. हत्याराशिवाय हाड मोडलं तर ती जबर दुखापत, कलम 117(2). शिक्षा सात वर्षांपर्यंत, तरी जामीनपात्र. कापणाऱ्या हत्याराने साधी दुखापत झाली तर 118(1). शिक्षा तीन वर्षांपर्यंत, पण अजामीनपात्र. जखम किती यापेक्षा हातात काय होतं याला तिथे वजन आहे. जुन्या दंड संहितेत यासाठी 324 लागायचं आणि ते जामीनपात्र होतं. 1 जुलै 2024 पासून नवे कायदे आले आणि हे बदललं. त्यामुळे गावातली जुनी जाणती माणसं अजून ‘324 आहे, चौकीवरच सुटेल’ असं सांगतात आणि घरचे गाफील राहतात.

अटकपूर्व अर्जही दोन्ही बाजूंना लागू नाही. तो अजामीनपात्र गुन्ह्यातच करता येतो. पलीकडच्या घराला त्याची गरजच नाही, कारण जामीन त्यांचा हक्क आहे. अटक झालीच तर ठाण्यातच जामीनदार देऊन सोडावं लागतं, न्यायाधीशापुढे नेईपर्यंत बसवून ठेवता येत नाही. गरिबीमुळे जामीनदार मिळत नसेल तर नुसत्या जातमुचलक्यावर सोडायचं असतं, आणि आठवडाभरात जामीनदार आणता आला नाही तर तो माणूस गरीब आहे असंच धरायचं.

बांधावरचा: आणि आमचा?

कोर्टाची पायरी: त्याला जामीन मिळू शकतो. फक्त तो मागावा लागतो, आणि द्यायचा की नाही हे न्यायालय ठरवतं. सरकारी वकिलांचं म्हणणं मागवतात, विळा जप्त झालाय का, जखमीची प्रकृती कशी आहे, आधीचे गुन्हे आहेत का, साक्षीदारांवर दबाव येईल का, हे बघतात. मिळाला तर अटी असतात, ठरलेल्या वारी ठाण्यात हजेरी वगैरे. फाशी किंवा जन्मठेपेचा गुन्हा असता तर दंडाधिकाऱ्यांचे हात बरेच बांधलेले असते. इथे ते तितके बांधलेले नाहीत. त्याला अटक झालीय का?

बांधावरचा: नाही. हवालदार घरी येऊन एक कागद देऊन गेले. सोमवारी अकराला हजर राहा म्हणून.

कोर्टाची पायरी: मग ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची, म्हणजे अटक न करता हजर राहायला सांगणारी नोटीस दिसते. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात उठसूट अटक करायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली अर्नेश कुमार प्रकरणात बजावलंय. तेव्हा अजामीनपात्र म्हणजे लगेच अटक, असंही नाही. नोटिशीप्रमाणे तो जात राहिला तर अटक करायची नसते. करायचीच झाली तर अधिकाऱ्याला कारणं लिहून ठेवावी लागतात. सोमवार चुकवला तर मात्र हे कवच जातं. पोहोच घ्या, कागदाचा फोटो काढून ठेवा.

दुकान बंद: अहो, माझ्यावर तर थेट अजामीनपात्र वॉरंट निघालं होतं, तेही चेक न वटल्याच्या केसमध्ये! दोन तारखा चुकल्या, बस. म्हणजे माझा गुन्हा पण अजामीनपात्र होता ना?

कोर्टाची पायरी: नाही दादा, तुमचा गुन्हा जामीनपात्रच. वॉरंट अजामीनपात्र होतं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुन्ह्याचा प्रकार तक्त्यात ठरलेला असतो. वॉरंटचा प्रकार तुम्ही तारखेला येता की नाही यावर न्यायाधीश ठरवतात. वकिलाबरोबर हजर राहून ते रद्द करून घेतलंत ना?

दुकान बंद: घेतलं. दंड भरून. शेजाऱ्यांना अजून वाटतं मी काहीतरी भयंकर केलंय.

जुना कोश: शब्दावर कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. घोळ ‘पात्र’ने केलाय. आपण पात्र-अपात्र म्हणतो ते माणसाला. उमेदवार अपात्र, कर्जमाफीला पात्र. म्हणून ‘अजामीनपात्र’ वाचलं की हा माणूस जामिनाच्या लायकीचा नाही असं कानाला ऐकू येतं. इथे विशेषण गुन्ह्याला लागलंय आणि अर्थ हक्काचा आहे. हिंदीवाले बातम्यांत जमानती, गैर-जमानती म्हणतात, त्यात लायकीचा वास तरी नाही.

आणि ‘जामीन’ मुळात माणूस होता! मूळ अरबी शब्दाचा अर्थच हमी घेणारा. ‘मी त्याला जामीन आहे’ हे आपण अजूनही म्हणतो. जुन्या मराठीत हाजीरजामीन आणि मालजामीन असे वेगळे शब्द होते, पहिला माणूस हजर करण्याची हमी घेणारा, दुसरा पैशाची. कोर्टात आपण देतो तो खरं तर हाजीरजामीन. पुढे जामीन म्हणजे सुटका झाला आणि माणसासाठी ‘जामीनदार’ घडवावा लागला.

चहा आणि पेपर: मग पर्याय काय? ‘हक्काचा जामीन’ आणि ‘अर्जाचा जामीन’?

जुना कोश: ‘अर्जाचा जामीन’ मला आवडलं. पण मथळ्यात बसायला हवं.

कोर्टाची पायरी: बसेल, पण मला पटत नाही. हक्काच्या जामिनातही कधी कधी अर्ज द्यावा लागतो. आणि पूर्वी जामिनावर सुटून तारखेला दांडी मारली असेल, तर त्याच केसमध्ये पुढच्या वेळी जामीनपात्र गुन्ह्यातही न्यायालय नाही म्हणू शकतं.

शुद्धलेखन: जामीनपात्र की जामिनपात्र? ‘जामिनावर’ ऱ्हस्व, मग इथे दीर्घ का?

जुना कोश: ‘जामिनावर’मध्ये सामान्यरूप होतं म्हणून ‘मि’ ऱ्हस्व. समासात मूळ शब्द तसाच राहतो, म्हणून जामीनपात्र. पेपरांत दोन्ही दिसतं, आणि यावरून मी एकाशी आधीच भांडलोय.

बांधावरचा: एक राहिलं. दुसऱ्या फिर्यादीत आमच्याच धाकट्याने फावड्याचा दांडा मारला असं लिहिलंय. दांडा म्हणजे हत्यार का?

कोर्टाची पायरी: विळ्यासारखं सरळ उत्तर नाही. हल्ल्यासाठी वापरल्यास जीव जाण्याचा संभव असेल अशी वस्तूही त्या कलमात येते. दांड्याची जाडी, मार कुठे बसला, यावर दोन्हीकडचे वकील भांडतात आणि वेगवेगळे निकाल येतात. वैद्यकीय दाखला बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही.

बांधावरचा: बरं. काकूला सांगितलं, सोमवारी स्वतः चालत जायचंय, बेड्या नाहीत. अर्धी भाकरी खाल्ली. वकिलांनी जामीनदाराचा सातबारा तयार ठेवायला सांगितलाय, आणि आमच्या सातबाऱ्यावर नेमका त्याच बांधाचा वाद. मामाचा बघतो.