शत्रूचे जखमी सैनिक असलेल्या रुग्णालयावर हल्ला करता येतो का?

रोखठोक: रुग्णालयात शत्रूचेच सैनिक उपचार घेतायत, त्यांच्या बंदुकाही तिथेच पडल्यात. मग हल्ला केला तर बिघडलं कुठे? बरे झाले की पुन्हा आपल्यावरच चालून येणार ना!

वकीलबुवा: बरे होतील तेव्हा पकडा, युद्धकैदी करा. खाटेवर पडलेला जखमी लढाईतून बाहेर गेलेला असतो, त्याला मारता येत नाही. आणि त्या बंदुकांचा विचार १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा करारात आधीच करून ठेवलाय. जखमींकडून काढून घेतलेली, अजून जमा न केलेली लहान शस्त्रं सापडली म्हणून रुग्णालयाचं संरक्षण जात नाही.

खडूस: पण गच्चीवरून एक गोळी सुटली की सगळं संपलं. मग सरळ उडवायचं.

वकीलबुवा: निम्मं बरोबर. रुग्णालयाचा वापर हल्ल्यासाठी झाला तर संरक्षण जाऊ शकतं, पण त्याआधी इशारा द्यायचा, शक्य तिथे वाजवी मुदत द्यायची, आणि तो धुडकावला गेला तरच पुढे जायचं. समोरून गोळ्या येत असताना मुदत देत बसा असं कुणी म्हणत नाही. पण एका बंदूकधाऱ्यासाठी अख्खा वॉर्ड उडवणं तेव्हाही बेकायदाच, कारण आतले रुग्ण रुग्णच राहतात.

जुना मेडिक: मी लष्करी वैद्यकीय पथकात होतो. कमरेला पिस्तूल असायचं. म्हणजे मला मारणं कायदेशीर होतं की काय?

वकीलबुवा: नाही हो. स्वतःच्या आणि रुग्णांच्या बचावासाठी हलकं शस्त्र चालतं.

सांजवारा: कागदावर छान आहे. अफगाणिस्तानातल्या कुंदुझचं काय? ३ ऑक्टोबर २०१५ ला अमेरिकेच्या एसी-१३० विमानाने डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्सचं रुग्णालय भाजून काढलं. ४२ माणसं गेली. संस्थेने जीपीएस स्थान आधीच कळवलं होतं.

वकीलबुवा: तिथे तर कुठला इशाराही दिला नव्हता. हल्ला करायचा होता दुसऱ्याच इमारतीवर. विमानातली यंत्रणा चुकीची जागा दाखवत होती, म्हणून चालकदलाने नुसत्या वर्णनावरून इमारत ओळखली आणि ती निघाली रुग्णालयाची. हल्ला न करायच्या ठिकाणांची यादी होती, पण चालकदलाच्या हाताशी ती नव्हती. (तो संघर्ष दोन देशांमधला नव्हता, त्यामुळे वरचं कलम जसंच्या तसं लागत नाही. रूढ नियम मात्र तोच.)

खडूस: मग चूकच झाली ना. १६ जणांवर कारवाई झाली, विषय मिटला.

सांजवारा: शिस्तभंगाची कारवाई! खटला एकावरही नाही. हेतू नव्हता म्हणून युद्धगुन्हा नाही, असं त्यांच्याच चौकशीने ठरवलं. बेफिकिरीला काही नावच नाही?

वकीलबुवा: आहे. युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठीच्या न्यायाधिकरणाने बोस्नियन सर्ब सेनापती गॅलिचच्या खटल्यात नागरिकांवरच्या हल्ल्यांबाबत बेफिकिरीही जमेस धरली होती. पण सगळी न्यायालयं तिथवर जात नाहीत. मला विचाराल तर कुंदुझची स्वतंत्र चौकशी व्हायला हवी होती.

खडूस: वीस हजार फुटांवरून... असो, उंची मला नक्की माहीत नाही. पण रात्री, लढाई चालू असताना वरून काय दिसतं, ते तिथे असणाऱ्यालाच ठाऊक.

जुना मेडिक: दिसत नसेल तर गोळी झाडायची नसते. आम्हाला तरी तेच शिकवलं होतं.