डॉलरचा सौदा दुपारच्या सरासरीनेच का मिटवायचा?

निर्यातवाला: येणाऱ्या डॉलरचा भाव आधीच बांधून ठेवायला ८४.१० ला डॉलर फ्युचरचे ५० लॉट विकले होते, म्हणजे ५० हजार डॉलर. एक्स्पायरीला, ज्या दराने सौदा मिटतो तो एफबीआयएल या संस्थेचा रेफरन्स रेट आला ८३.९२ आणि त्याच दिवशी तीन वाजता बँकेने माझे डॉलर घेतले ८३.७० ला. मग सौदा दिवसअखेरच्या भावाने का मिटवत नाहीत? मला तर ही सरळ लूट वाटते.

रोखठोक: लूटच आहे. रिझर्व्ह बँक पाहिजे तो आकडा लावते आणि आपण गपगुमान मान्य करायचं.

ट्रेझरीवाले काका: रोखठोक, दर जाहीर करायचं काम रिझर्व्ह बँकेकडे होतं खरं, पण जुलै २०१८ पासून ते एफबीआयएलकडे गेलं, आणि कोणी आकडा "लावत" नाही. साडेअकरा ते साडेबाराच्या मध्ये कुठलीही पंधरा मिनिटं रँडम निवडतात, त्या वेळात बँकांचे आपसात जे खरे सौदे झाले त्यांची सरासरी काढतात, ज्याचा सौदा मोठा त्याचं वजन जास्त, आणि अगदीच वेडेवाकडे भाव गाळतात. दीडच्या सुमाराला आकडा बाहेर. आणि निर्यातवाले भाऊ, फ्युचरमध्ये तुम्हाला १८ पैसे मिळाले, म्हणजे ९,००० रुपये, ते धरलेत का हिशेबात?

निर्यातवाला: धरले. ८३.७० अधिक १८ पैसे म्हणजे ८३.८८ हातात आले, ठरवले होते ८४.१०. ११ हजार गेले ना राव?

ट्रेझरीवाले काका: गेले, पण ते फिक्सिंगने, म्हणजे या रेफरन्स रेटने, नाही नेले. साडेबारा ते तीन या वेळात तुम्ही उघडे बसला होतात, त्यात बाजार हलला आणि वर बँकेचं मार्जिन. त्याच दुपारी डॉलर चढला असता तर हा धागा निघालाच नसता :) आणि दिवसअखेरचा भाव म्हणाल तर शेवटच्या मिनिटाला कमी सौद्यांत एखादा मोठा माणूस भाव ढकलू शकतो, ज्याची पोझिशन मोठी त्यालाच ते परवडतं.

परदेशी_पैसा: माझा प्रश्न वेगळा आहे, मुलगी अमेरिकेत शिकते, फी भरताना बँक रेफरन्स रेटपेक्षा बराच जास्त रेट लावते, मग तो दर असतो कशाला?

एनडीएफ_बघ्या: ताई, तुमचा रेट बँकेचा कार्ड रेट, ती स्वतःचं मार्जिन धरते, रेफरन्स रेटने डॉलर द्यायला ती बांधील नाही. तो दर सौदा मिटवायला असतो. सिंगापूर-लंडनमध्ये रुपयाचा एनडीएफ, म्हणजे नुसता फरक चुकवायचा वायदा चालतो, तिथे रुपये हातात कोणी देत नाही घेत नाही. समजा १० लाख डॉलर ८३.५० ला घेतले आणि फिक्सिंग आलं ८३.९२, तर फरक ४ लाख २० हजार रुपये, त्याला ८३.९२ ने भागलं की साधारण ५,००५ डॉलर, तेवढेच विकणारा देतो. आता हा ८३.९२ कोणाच्या स्क्रीनवरचा घ्यायचा? विकणारा स्वतःचा कमी दाखवेल, घेणारा जास्त. म्हणून काँट्रॅक्टमध्ये आधीच तिसऱ्याचा आकडा लिहून ठेवतात.

रोखठोक: तिसऱ्याचा आकडा म्हणून साधा सरळ होतो का? लंडनच्या चारच्या फिक्सिंगमध्ये काय झालं? २०१४ मध्ये बँकांना चार अब्ज डॉलरच्या वर दंड बसला, डीलर चॅटरूममध्ये एकमेकांना क्लायंटच्या ऑर्डरी सांगत होते.

ट्रेझरीवाले काका: हा मुद्दा बिनतोड आहे. तिथे सरासरी काढायची खिडकी एका मिनिटाची होती आणि वेळ सगळ्यांना माहीत. इंडेक्स फंडांना बेंचमार्कपासून हलायचं नसतं, इंडेक्स बनवणारं एमएससीआय त्याच चारच्या दराने हिशेब करतं, म्हणून फंडांच्या ऑर्डरी तिथेच येऊन साचायच्या, महिनाअखेरीला तर फारच. २०१५ मध्ये खिडकी पाच मिनिटांची केली.

फंडवाली: पण काका, आपल्या रँडम खिडकीचाही तोटा आहे की, वेळच आधी माहीत नसेल तर नेमका तो भाव पकडायचा कसा? एनएव्हीसाठी, म्हणजे फंडाच्या युनिटचा रोजचा भाव काढायला, ठरलेला दर हवाच, नाहीतर फंडवाले रोज सोयीचा रेट उचलतील, पण क्लायंटने "फिक्सिंगलाच डॉलर द्या" म्हटलं की डीलर तासभर थोडे थोडे घेत बसतो, तरी दोन-चार पैसे इकडे तिकडे होतातच आणि ते कोणाच्या तरी अंगावर येतात.

ट्रेझरीवाले काका: येतात. वेळ सांगितली तर डाव साधता येतो, लपवली तर भाव पकडता येत नाही. मी लपवण्याच्या बाजूने.

फंडवाली: मी पाच मिनिटांच्या ठरलेल्या खिडकीच्या. लफडं चॅटरूमचं होतं, घड्याळाचं नव्हतं.

निर्यातवाला: तुमचं चालू द्या, पण पुढच्या महिन्यात पुन्हा डॉलर येणारेत. बँकेकडे फिक्सिंगच्याच रेटने मागू का?

ट्रेझरीवाले काका: ५० हजारांसाठी देतील असं वाटत नाही, दिलंच तर वर पैसे लावतील. त्यापेक्षा एक्स्पायरीच्या दिवशी साडेअकरा ते साडेबारामध्ये तीन-चार तुकडे करून बँकेला विका, सरासरी फिक्सिंगच्या जवळ येईल. किंवा एक्स्पायरीपर्यंत थांबूच नका, बँकेत डॉलर विकाल त्याच मिनिटाला उलटा सौदा करून फ्युचर कापा. एफएक्स-रिटेल या डॉलर घ्या-विकायच्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर नाव नोंदवलंत तर बँकेचं मार्जिन किती ते वेगळं दिसेल.

निर्यातवाला: तीन-चार तुकडे? आमचा शाखेतला माणूस साडेबाराला जेवायला उठतो हो.