मनगट पोरीचं, काउंटर कुणाच्या मापाचं?

गंगापूररोड_कॅफे (मूळ पोस्ट)
लागोपाठ दुसरी मुलगी काम सोडून गेली. कारण काय, तर टँपिंग करून, म्हणजे मशीनच्या हँडलमध्ये दळलेली कॉफी टँपरने दाबून, मनगट आणि खांदा दुखतो. अहो, ३० पौंडांचा दाब द्यायचा असतो, पोती उचलायची नसतात. शनिवार-रविवार मी स्वतः मशीनवर उभा असतो, मला कधी काही झालं नाही. आजकालच्या मुलांना अंगमेहनतच नको. सांगा, चूक कुणाची?

शॉटपुलर
संताप आला म्हणून सविस्तर लिहितोय. बारिस्टा शिकवणं हे माझं रोजचं काम आहे, आणि हीच पोस्ट वेगवेगळ्या तोंडून ऐकतो.

तुमची उंची पावणेसहा फुटांच्या वर असणार, हे न बघता सांगतो. सोडून गेलेल्या मुलींची किती होती?

आता मापं घ्या. तुमचं काउंटर बहुतेक ३६ इंची असेल. त्यावर पोर्टाफिल्टर, म्हणजे कॉफी भरायचं हँडल, टेकवून टँपर बसवला की टँपरच्या मुठीचा माथा येतो साधारण ४१ इंचांवर. मनगट सरळ ठेवून दाबायचं तर कोपर मुठीच्या बरोबर वर हवं, म्हणजे आणखी दहा-अकरा इंच वर. कोपर गेलं ५१-५२ इंचांवर. पाच फुटी मुलीचा खांदाच असतो ४९ इंचांच्या आसपास. म्हणजे तुम्ही शिकवता तसं टँप करायला तिला कोपर खांद्याच्याही वर न्यावं लागेल. गर्दीत ते कुणालाच जमत नाही. मग ती कोपर खाली घेते, मनगट मागे मोडतं आणि सगळा भार त्या मोडलेल्या मनगटावर पडतो. ते टाळायला खांदा कानाकडे उचलला, तर मान आखडते. ५ फूट ११ इंच माणसाचा खांदा ५८ इंचांवर असतो. त्याचं कोपर आरामात खांद्याखाली राहतं. तुम्हाला काही होत नाही ते म्हणूनच. अंगमेहनतीचा इथे काय संबंध?

आणि ते ३० पौंड. मशीन ९ बारने पाणी ढकलतं. कॉफीच्या ५८ मिलिमीटरच्या बास्केटवर त्याचा एकूण जोर सव्वादोनशे किलोच्या वर जातो. तिथे तुमचे १३-१४ किलो १८ झाले काय नि १० झाले काय! कॉफी घट्ट बसली आणि सपाट बसली की काम झालं. त्यापुढचा जोर कपात उतरत नाही, सांध्यात उतरतो.

गंगापूररोड_कॅफे
म्हणजे दाब महत्त्वाचाच नाही? मी मुंबईला पैसे भरून कोर्स केलाय. तिथे वजनकाट्यावर टँपर दाबायला लावून ३० पौंड शिकवलेत. हलकं टँप केलं की शॉट पाणचट येतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

शॉटपुलर
पाणचट येतो तो दळण जाड असल्यामुळे, नाहीतर तिरकं टँप झाल्यामुळे. तिरकं झालं की पाणी एका बाजूने वाट काढतं. उद्या दुकान उघडण्याआधी करून बघा. दळण तेच, कॉफी १८ ग्रॅम, कपात ३६ ग्रॅम. एकदा नेहमीसारखं दाबा, एकदा फक्त कॉफी खाली जायची थांबेपर्यंत. दोन्ही वेळा सपाट. सेकंद मोजा आणि इथे लिहा.

जिम_सातपूर
दोघंही उगाच ताणताय. स्प्रिंगवाला टँपर घ्या. ठरलेला दाब आला की कट् आवाज येतो, पुढे जोर लागतच नाही. विषय संपला. सोबत मनगटाला पट्टा बांधा आणि फोरआर्मचा व्यायाम करा.

शॉटपुलर
@जिम_सातपूर, अर्धं बरोबर. जोर आटोक्यात राहतो, मान्य. पण मनगट मोडलेलंच राहिलं तर मोडलेल्या मनगटावर आता मोजून-मापून दाब येईल, एवढाच फरक. आखूड, तळहातात मावणारा टँपर त्यापेक्षा बरा, कारण मुठीची उंचीच दीड-दोन इंच कमी होते.

स्नेहल_इंदिरानगर
मी ५ फूट १. बारिस्टाच आहे, दुसऱ्या कॅफेत. शॉटपुलर यांनी जे लिहिलं ते वाचताना माझा खांदा आपोआप वर गेला. मला वाटायचं माझ्यातच ताकद नाही.

पण माझं दुखणं वेगळं आहे. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या त्या बाजूला. टँप करताना एवढं नाही, दुधाचा जग उचलला की कळ येते. दोन कॅपुचिनोचं दूध एकदम फेसायला आमच्याकडे मोठाच जग वापरतात. घरी आल्यावर कुलपात किल्ली फिरवतानासुद्धा दुखतं. मॅनेजर म्हणतो, टँपिंग सुधार.

फिजिओ_नाशिकरोड
@स्नेहल, अंगठा मुठीत घालून मनगट हळूच करंगळीकडे झुकवा. त्याच जागी झटक्यासारखी कळ आली तर बहुधा डी क्वेर्व्हेन, म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या शिरेचं दुखणं. पक्कं हात बघूनच सांगता येईल, पण टँपिंग सुधारून हे जाणार नाही. भरलेला जग आपण मुठीने धरतो, अंगठा वर ताठ आणि ओतताना मनगट करंगळीकडे पडतं. नेमकी तीच शीर ताणली जाते. लहान जग घ्या, एका वेळी एकाच कपाचं दूध. फेसताना दुसरा हात जगाच्या अंगाला लावलेलाच असतो, त्यावर थोडा भार घ्या आणि कोपर बरगडीजवळ ठेवा. वाफेची नळी तुमच्याकडे ओढून घ्या, तुम्ही तिच्याकडे वाकू नका.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या येऊन रात्री जाग येत असेल, तर ते प्रकरण वेगळं. तेव्हा थांबू नका, दाखवून घ्या. आणि पट्टा बांधून तेच काम तसंच चालू ठेवणं हा उपाय नाही, @जिम_सातपूर.

शॉटपुलर
@स्नेहल, हँडल मशीनला लावताना कुठे येऊन थांबतं? सरळ तुमच्याकडे, की उजवीकडे पार निघून जातं?

स्नेहल_इंदिरानगर
उजवीकडे. आणि शेवटी दोन्ही हातांनी झटका द्यावा लागतो, नाहीतर कडेने पाणी गळतं.

शॉटपुलर
मग गॅस्केट गेलंय. आतलं रबर कडक झालं की ते दबत नाही. गळती थांबवायला पोरं जोर लावतात आणि प्रत्येक कपाला अंगठा-मनगट पिळलं जातं. मशीन थंड असताना रबरात स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हळूच टोचून बघा. नखासारखं कडक लागलं तर बदलायचं. मशीनच्या मानाने हा किरकोळ खर्च आहे. मॅनेजरला सांगा, टँपिंगच्या आधी हे सुधार.

पंचवटीकर
मी चहाची गाडी चालवतो. तुमचं ते टँपर वगैरे मला कळत नाही, पण पहाटेपासून पातेली मीही उचलतो. माझी पाठ टिकली, कारण गर्दी ओसरली की मी स्टुलावर बसतो. तुमच्या एसी कॅफेत पोरींना बसायला स्टूल का नाही, हे मला आधी सांगा.

स्नेहल_इंदिरानगर
+१. काका, आमच्याकडे काउंटरमागे बसलेलं दिसलं की मेसेज येतो. दुपारी तीन ते पाच एक गिऱ्हाईक नसतं, तरी उभंच.

गंगापूररोड_कॅफे
दोनशे-अडीचशेची कॉफी विकतो आम्ही. गिऱ्हाईक आत आलं आणि बारिस्टा पाय पसरून बसलेली, कसं दिसेल? गाडीवर चालतं ते कॅफेत चालत नाही, काका.

पंचवटीकर
गाडीवर चालतं म्हणजे? माझं गिऱ्हाईक माणूस नाही का? बसलेल्या माणसाला उठायला एक क्षण लागतो. तुम्हाला पोरगी उभी दिसायला हवी, तिच्या पाठीचं काही का होईना.

गंगापूररोड_कॅफे
भाषा जपून. मी कुणाला राबवत नाही. भाडं, दूध, वीज भरून बघा एकदा, मग बोला.

दिंडोरी_द्राक्ष
पॅकहाउसमध्येही हेच. माझी बायको हंगामभर उभी राहून मणी छाटते. टेबल सगळ्यांना एकच आणि बुटक्या बायकांच्या माना धरतात. कुणी कॉफीवर धागा काढतं, आमच्यावर कुणीच नाही.

स्नेहल_इंदिरानगर
@दिंडोरी_द्राक्ष, खरंय, दुखणं तेच. @गंगापूररोड_कॅफे, केरळने २०१८ मध्ये आणि तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय द्यायचा कायदाच केला. साड्यांच्या मोठमोठ्या दुकानांतल्या बायका दिवसभर उभ्या असायच्या, त्यावरून. तिथली दुकानं बंद पडली नाहीत.

गंगापूररोड_कॅफे
नाशिक महाराष्ट्रात आहे. आणि स्टुलावर बसून टँपिंग करणार का?

फिजिओ_नाशिकरोड
नाही करायचं. बसून टँप केलं तर खांदा आणखी वर जाईल, ते बरोबर आहे तुमचं. पण बसायचं ते दोन गर्दींच्या मध्ये. उभं असतानाही एक पाय चारेक इंच उंच काहीतरी ठेवून त्यावर टेकवावा आणि पाय बदलत राहावं. कंबरेला बराच आराम मिळतो. तेवढं तरी गिऱ्हाइकाला दिसत नाही.

जिम_सातपूर
धागा टँपिंगचा होता. स्टुलावर किती प्रतिसाद झाले बघा.

पंचवटीकर
पाठ त्यानेच वाचते, म्हणून झाले.

गंगापूररोड_कॅफे
@शॉटपुलर, आज सकाळी बघितलं करून. जोरात दाबून २८ सेकंद, हलकं दाबून २७. चवीत फरक कळला नाही. तिसरा मुद्दाम तिरका केला, तो १९ सेकंदांत वाहून गेला. ठीक आहे, दाबाचं तुमचं खरं. पण काउंटर तोडून नवीन करायला माझ्याकडे पैसे नाहीत.

शॉटपुलर
तोडायला कुणी सांगितलं? सुताराकडून पाच इंच उंचीचा लाकडी प्लॅटफॉर्म करून घ्या, वर न घसरणारं रबर. पाच फुटी मुलीचा खांदा ४९ वरून ५४ वर येतो आणि ५१-५२ वरचं कोपर खांद्याखाली जातं. पण तुकडा ठेवू नका. ग्राइंडरपासून वाफेच्या नळीपर्यंत सलग हवा. मध्येच संपला तर गर्दीत गरम जग हातात घेऊन कुणीतरी पडेल.

स्नेहल_इंदिरानगर
एक अडचण. दूध काउंटरखालच्या फ्रिजमध्ये असतं. प्लॅटफॉर्मवरून वाकायचं म्हणजे आणखी पाच इंच खाली. आत्ताच दर कपाला कंबरेत वाकतो आम्ही.

शॉटपुलर
बरोबर पकडलंत. लगेच लागणारं दूध फ्रिजच्या सर्वांत वरच्या कप्प्यात ठेवा, तळाला फक्त साठा. कॅन किंवा क्रेट उचलायची असेल तर प्लॅटफॉर्मवरून खाली उतरूनच. तरी वाकणं पूर्ण जात नाही, ते कबूल. माझ्याकडे त्याला याहून चांगलं उत्तर नाही.

फिजिओ_नाशिकरोड
आणि उंच मुलगा शिफ्टला असला की तोच प्लॅटफॉर्म त्याची पाठ वाकवेल. पावणेसहा फुटांच्या वरच्याला त्यावर उभं करू नका. चाकं नकोत, पण सरकवता येईल असा करा.

गंगापूररोड_कॅफे
म्हणजे दर शिफ्टला फर्निचर हलवायचं. बरं. सुताराला बोलावतो. स्टुलाचं मात्र कुणी बोलू नका.

पंचवटीकर
सुतार येणारच आहे, तर स्टूलही त्यालाच सांगा.

गंगापूररोड_कॅफे
काका, प्लीज.

स्नेहल_इंदिरानगर
@गंगापूररोड_कॅफे, प्लॅटफॉर्मची उंची ठरवताना तुम्ही स्वतः उभे राहून माप देऊ नका. सोडून गेलेल्या दोघींपैकी एकीला फोन करा.