अनुभव धागा: परीक्षा डिसेंबरात, शास्त्राची वही आत्ता कोण उघडतं?

धागाकर्ती (गंगापूर रोड)

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्राला मी गायनाची मध्यमा पूर्ण देणार आहे. आत्ता आषाढ चालू आहे. रियाज रोज होतो, त्यात खंड नाही. पण शास्त्राची वही मे महिन्यात आणली, तिच्या पहिल्या पानावर फक्त नाव आहे. दर रविवारी वाटतं, अजून पाच महिने आहेत. गेल्या परीक्षेलाही असंच वाटलं होतं, आणि लेखी पेपरात तालाची तिगुन लिहिताना माझा हात थांबला. गायलेलं सगळं येत होतं, लिहिता आलं नाही. तो अर्धा तास मी विसरलेले नाही.

ज्यांनी तारीख लांब असताना शास्त्राला हात घातला, त्यांनी सुरुवात नेमकी कशी केली ते लिहा. वेळापत्रक नको, पहिल्या दिवशी काय केलं ते हवं.

सातपूरचा तबलजी

ताई, मला वाटतं तुम्ही उगाच धास्तावताय. शास्त्र पंधरा दिवसांत होतं. व्याख्या, थाट, रागांची माहिती, दोन चरित्रं. मी प्रवेशिकेला शेवटच्या आठवड्यात पाठ करून पहिल्या वर्गात आलो. लवकर केलं तर विसरायला होतं, हा माझा अनुभव आहे.

पंचवटीच्या बाई (तीस वर्षं शिकवते आहे)

वरच्या दादांचं अर्धं बरोबर आहे. व्याख्या आणि वादी-संवादी पंधरा दिवसांत होतात, आणि लवकर पाठ केले तर विसरतातही. पण लेखी पेपरात मुलांचा वेळ खातात दोन गोष्टी, लयकारी आणि स्वरलेखन. त्या पाठांतराच्या नाहीतच, हाताच्या आहेत. तबला वाजवणाऱ्याला तिगुन कानानं येते, म्हणून दादांना हा प्रश्न कधी जाणवला नसेल.

धागाकर्ती, तुमचा हात थांबला तो कुठे ते सांगते. झपताल घ्या. दहा बोल: धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. दुगुन सोपी, दोन-दोन बोल एका मात्रेत, पाच मात्रांत एक आवर्तन संपतं, मग पुन्हा तेच. तिगुन एकाच आवर्तनात बसवून समेवर यायला सांगितलं की गडबड होते. दहा बोलांना तीननं भागलं तर तीन मात्रा आणि एक तृतीयांश. म्हणजे सुरुवात सातव्या मात्रेच्या पोटात, दोन अवग्रह सोडून होते:

सातवी: ऽऽधी
आठवी: नाधीधी
नववी: नातीना
दहावी: धीधीना

मुलं सातव्या मात्रेला थेट 'धीनाधी' लिहितात. मग दहाव्या मात्रेला हातात फक्त एक बोल उरतो. शेवटची मात्रा भरत नसली की चूक सुरुवातीला झाली आहे असं समजायचं. दोन महिने अगोदर हे कळलं तर बरं, परीक्षेच्या टेबलावर कळलं तर वेळ नसतो.

म्हणून मी विद्यार्थ्यांना पुस्तक उघडायलाच सांगत नाही. आज जी बंदिश गायलीत तिचा स्थायी रात्री वहीत लिहा. मात्रांचे रकाने पट्टीनं आखा, पेन्सिल वापरा. पहिल्या दिवशी एकच ओळ.

मालेगाव स्टँडजवळची

माझाही थिअरीचाच प्रश्न आहे! लर्निंग लायसन्सची टेस्ट दोन महिने पुढे ढकलत होते, कारण चिन्हं पाठ करायला बसायचा कंटाळा. शेवटी नवऱ्याच्या मागे स्कूटरवर बसून द्वारका ते सीबीएस जाताना प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचायला लागले. गोल असेल तर हुकूम, त्रिकोण असेल तर सावधान. आठवड्यात झालं. चुकीच्या धाग्यावर आले असेन तर माफ करा.

धागाकर्ती

नाही हो, राहू द्या. 'मोठ्यानं वाचलं' हे मला उपयोगी वाटतंय.

दिंडोरीहून, द्राक्षबागवाला

माझ्यासाठी परीक्षा लांब कधी नसतेच. ऑक्टोबरला छाटणी झाली की त्यानंतर फुटवे, डाऊनीची भीती, पहाटे फवारणी. त्या दोन महिन्यांत बासरी हातात येते तीसुद्धा रात्री दहाला. म्हणजे माझा अभ्यास पावसाळ्यातच संपायला हवा. हे कळायला मला एक सत्र वाया घालवावं लागलं. फॉर्म भरला, फी भरली, आणि पेपराच्या आदल्या रात्री ट्रॅक्टरवर होतो.

आता शेडमध्ये फवारणीच्या नोंदीची वही असते, तिच्या मागच्या पानावरच मी लिहितो. काल भूप आणि देसकार लिहिले. दोन्हीत म आणि नी वर्ज्य, स्वर तेच पाच. भूप कल्याण थाटाचा, वादी गंधार, रात्रीचा. देसकार बिलावल थाटाचा, वादी धैवत, सकाळचा. हे वाचून मला कधीच पाठ झालं नव्हतं. वाजवून बघितलं, धैवतावर थांबलो की देसकार कसा उभा राहतो ते ऐकलं, मग लिहिलं.

नाशिकरोडची, विशारदची तयारी

माझा घोळ लिपीचा. क्लासमध्ये भातखंडे पद्धत, घरी आजोबांच्या जुन्या वह्या पलुस्कर पद्धतीच्या. भातखंड्यांत स्वरावर बिंदू म्हणजे तार सप्तक, पलुस्करांत तोच बिंदू मंद्राचा. पलुस्करांत तारसप्तकाला स्वरावर उभी रेघ, आणि भातखंड्यांत मध्यमावर तीच रेघ म्हणजे तीव्र. एका पानावर मी दोन्ही मिसळले होते आणि बाईंनी वाचून दाखवलं तेव्हा मंद्रातला आलाप तारसप्तकात गेला. एक लिपी धरून चालेल ना? मैत्रीण म्हणते भातखंडे लिहिली की पुरतं.

पंचवटीच्या बाई

तुलना विचारली तर नाही पुरत. बंदिश लिहायला मात्र एकच धरा, आणि उत्तराच्या वर कोणती ते लिहून टाका. दोन्ही एका दिवशी लिहू नका, हात गोंधळतो.

आणि एक. ज्यांना कोरं पान बघून बसवतच नाही, त्यांनी पंडित विष्णु दिगंबरांच्या चरित्रापासून सुरुवात करायला हरकत नाही. 1901 साली लाहोरला विद्यालय, शेवटची वर्षं इथं पंचवटीत, 1931 ला मिरजेत निधन. माझे विद्यार्थी गोदाकाठी जाऊन येतात आणि मग लिहितात. पण त्याच उत्तरावर महिना काढू नका, तेही टाळणंच असतं.

सातपूरचा तबलजी

बाई, तिगुनचं पटलं. मी वाजवतो तेव्हा अवग्रह मोजतच नाही, हात आपोआप थांबतो. काल लिहून पाहिलं तर मलाही खोडावं लागलं. व्याख्यांबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे.

धागाकर्ती

काल रात्री वहीचं दुसरं पान भरलं. यमनच्या स्थायीची एक ओळ, आणि खाली रूपकाची तिगुन स्वतः काढली. सात बोल भागिले तीन, दोन मात्रा आणि एक तृतीयांश. म्हणून पाचवीला ऽऽती, सहावीला तीनाधी, सातवीला नाधीना. मोठ्यानं म्हटलं, समेवर आले. बरोबर आहे का?

पंचवटीच्या बाई

अगदी बरोबर. पहिल्या मात्रेखाली चिन्ह काय घातलंत?

धागाकर्ती

गुणिले. सम आहे ना?

सातपूरचा तबलजी

ताई, रूपकाची सम खालीच्या मात्रेवर येते. आमच्याकडे तिथं शून्य घालतात.

पंचवटीच्या बाई

माझे गुरुजीही शून्यच घालायचे. पण दोन्ही चिन्हं एकत्र घालणारेही मी पाहिलेत. तुमच्या बाईंना विचारा, आणि त्या जे सांगतील ते आजच वहीत लिहून ठेवा.