बिलातले वीस पैसे: टॅक्समधून कापायचे की नाही?

दुकानदार_नवा: होलसेलरच्या बिलाचा फोटो टाकलाय. अंगाचा साबण 2,450 वर CGST 2.5 आणि SGST 2.5 टक्के, डिटर्जंट पावडर 1,865 वर 9 आणि 9. माझी बेरीज 4,773.20 येते, बिलात मात्र Round Off -0.20 आणि खाली 4,773. मग क्रेडिट 458.20 घ्यायचं की 458? साबणाचा कोड 3401 की 3407 तेही फोटोत पुसट आलंय.

खातेवही: 458.20 च. साबणावर 61.25 दोनदा, पावडरीवर 167.85 दोनदा, म्हणजे दोन्ही बाजूला 229.10. टॅक्स तिथेच संपला. वीस पैसे नंतर, एकूण रकमेतून कमी केलेत, ते वहीत राउंड ऑफ खात्यात टाका. कोड 3401 असणार, साबण तिथेच येतो, 3407 म्हणजे मुलांची खेळायची माती वगैरे. तरी जुनं बिल काढून बघा, कारण नुसत्या टॅक्सच्या आकड्यावरून कोड सिद्ध होत नाही.

नियमवाला: चूक सांगताय. कलम 170 वाचा, टॅक्स जवळच्या रुपयात करायचा, पन्नास पैसे किंवा वर असेल तर पुढचा रुपया. 229 आणि 229, झाले 458. 4,315 मध्ये मिळवा, बरोब्बर 4,773!

खातेवही: ते इथे योगायोगाने जुळलं हो. समजा दोन्हीकडे 229.40 असते तर तुमच्या हिशोबाने 229-229 म्हणजे 4,773, आणि बिल 4,773.80 चं राउंड होऊन 4,774. आता सांगा, तो रुपया कुठला? कलम 170 मी भरायच्या टॅक्सच्या रकमेसाठी धरतो, बिलातल्या ओळीसाठी नाही.

नियमवाला: कलमात बिल आणि रिटर्न असा भेद कुठे केलाय? आमचे सीए प्रत्येक बिलात टॅक्स रुपयातच दाखवतात.

गल्लीतलं_दुकान: मी कंपोझिशनमध्ये आहे, मला 458 पण नाही आणि 458.20 पण नाही 😅 सगळा टॅक्स मालाच्या किमतीत धरतो. आणि ते 9 टक्के बघून मी पण एकदा फसलो होतो, निम्माच टॅक्स धरून विक्रीचा भाव लावला, दुसरा 9 शेजारच्या रकान्यात होता, फोटोत कापला गेलेला.

खातेवही: हे भारी सांगितलंत, फोटो काढताना उजवी कड नेहमी कापली जाते.

तुमच्या सीएंनी रुपयात बिल केलं असेल तर घेणारा तेवढंच क्रेडिट घेईल, त्यात वाद नाही. पण या होलसेलरने पैशांत टॅक्स लिहिलाय, GSTR-1 मध्ये तसाच भरला असेल तर GSTR-2B मध्ये 458.20 च दिसेल. आणि त्याने तिथे 458 भरला तर बिल काहीही म्हणो, जास्तीचं घेऊ नका.

दुकानदार_नवा: या महिन्याचं 2B पुढच्या 14 तारखेला येईल ना, तोपर्यंत वहीत 458.20 लिहून ठेवतो. कोडसाठी जुनं बिल शोधतोय.

नियमवाला: लिहा, पण मला अजून पटलेलं नाही.