मदत हवी आहे: गोठ्याकडच्या भेगाळ भिंतीतून वाळूमाश्या निघतात, काळ्या आजाराची भीती

पांढरी_माती:
पन्हाळा तालुका. गोठ्याला लागून असलेल्या भिंतीला भेगा पडल्यात. दिवेलागणीला त्यातनं बारीक माश्या निघतात, चावल्या की आग होते. मोबाईलवर वाचलं की मातीच्या भिंतीतल्या वाळूमाशीमुळं काळा आजार होतो. उसाचं क्लोरपायरीफॉस शिल्लक आहे. भेगांत ओतायला किती एमएल घेऊ? रविवारी गडी येणार आहे, लवकर सांगा.

कोकणवाट:
वाळूमाशी समुद्रकाठी असते हो. पन्हाळ्यावर कुठली वाळू? चिलटं असतील.

फवारणी_पथक:
क्लोरपायरीफॉस ओतू नका. राहत्या घरात आणि जनावरांजवळ ते चालत नाही. भेगेतलं औषध महिनोन्‌महिने वास सोडत राहील, आणि माशी शेजारच्या भेगेत जाऊन बसेल.
@कोकणवाट, नाव अंगाच्या रंगावरून पडलंय, वाळूशी संबंध नाही. हिची अळी पाण्यात वाढत नाही. शेण-मूत्र मुरलेल्या ओलसर मातीत, भिंतीच्या बुडाशी आणि भेगांच्या तळाशी वाढते.
आता सांगा, भिंत भेंड्यांची की कुडाची? भेगा कुठल्या उंचीवर? माशी भुणभुणते का? आणि घरात कुणाला ताप आहे का?

पांढरी_माती:
भेंड्यांची. आवाज नाही, उडी मारल्यागत उडते. तापाचं काय मध्येच? औषधाचं प्रमाण विचारलंय.

चुनाभट्टी:
प्रमाण-बिमाण सोडा. भेगांत चुना भरा, वरून दोन हात चुन्याचे मारा. ओल मरते, अळी मरते, खर्च नाही. मग हवं तर आरोग्य खात्याची फवारणी करून घ्या.

फवारणी_पथक:
भेगा चुना-मातीनं बुजवणं बरोबर. पुढचा क्रम मात्र उलटा पडेल. घरातल्या फवारणीचं औषध अल्फासायपरमेथ्रिन, आणि ताज्या चुन्याच्या क्षारात ते लवकर फुटतं. भिंतीवर 10-12 आठवडे टिकायचं ते आधीच संपतं. उलट केलं, म्हणजे फवारून वर चुना मारला, तर औषध चुन्याखाली गाडलं जातं. म्हणून भेगा आधी बुजवा, भिंत पुरती सुकू द्या, फवारणी शेवटी. त्यानंतर 3 महिने ना चुना, ना सारवण.

चुनाभट्टी:
म्हणजे दिवाळीला घर रंगवायचं नाही?

फवारणी_पथक:
रंगवा, पण फवारणीच्या आधी.

शिवारातला_पंप:
अल्फासायपरमेथ्रिन कृषी केंद्रात मिळतं, 10 टक्क्यांचं. पाठीवरच्या पंपात टाकून मारलं की झालं. खात्याची वाट कोण बघणार?

फवारणी_पथक:
ते पातळ, तेलकट औषध. मातीची भिंत ते पिऊन टाकते आणि वर काही उरत नाही. घरासाठी 5 टक्क्यांची भुकटी असते. पाणी सुकल्यावर तिचे कण पृष्ठभागावर राहतात आणि भिंतीवर बसलेल्या माशीच्या पायाला लागतात. मात्रा दर चौरस मीटरला अर्धा ग्रॅम भुकटी. धाग्यातली भिंत 18 फूट लांब धरली आणि 6 फुटांपर्यंत मारलं तर 10 चौरस मीटर, म्हणजे फक्त 5 ग्रॅम. वाळूमाशी उंच उडत नाही, म्हणून 6 फूट पुरतात. अंदाजानं पंपात ओतणाऱ्याच्या हातून याच्या कितीतरी पट जातं. हे काम प्राथमिक आरोग्य केंद्रातून शिकलेल्या माणसाकडून करून घ्या. फवारताना जनावरं बाहेर, वैरण झाकलेली.

भेंडे_गिलावा:
भेगा कशा बुजवायच्या ते कुणीच सांगेना. वरून चिखल फासला तर आठवड्यात सुटतो. भेग आधी बोटभर रुंद खरवडायची, आतली सैल माती काढायची आणि पाण्याचा हात मारायचा. 3 घमेली चाळलेल्या मातीला 1 घमेलं वाळू, अर्धं घमेलं गव्हाचा भुसा, दोन दिवस भिजवून तुडवलेलं. पहिला थर भेगेच्या तोंडापासून थोडा आत ठेवायचा. तो सुकून चिरला की दुसरा. वाळू कमी पडली की हमखास चिरतो. सिमेंट नको, मागची ओल अडते आणि अख्खा पापुद्रा सुटतो. त्या पोकळीत माश्यांना आयतं घर.

चुनाभट्टी:
शेण नाही घालायचं? शेणाशिवाय गिलावा होतो होय?

भेंडे_गिलावा:
जमिनीपासून दोन फुटांपर्यंत मी तरी घालणार नाही. ओल तिथंच असते, आणि शेण म्हणजे अळीचं खाद्य. वर कोरड्या भागात घाला.

वाळवी_त्रस्त:
आमच्या चौकटीला वाळवी लागलीय, त्याला पण भुकटी चालेल का?

फवारणी_पथक:
वाळवीसाठी वेगळा धागा काढा.
@पांढरी_माती, आधी माशीची खात्री करा. वहीच्या कागदाला दोन्ही बाजूंनी एरंडेल लावून संध्याकाळी भेगांजवळ टांगा, सकाळी भिंगातून बघा. 2-3 मिलिमीटरची, केसाळ, पंख पाठीवर व्ही आकारात उभे असतील तर वाळूमाशी. न्हाणीघरातली केसाळ माशी तिच्याच कुळातली, पण अंगानं रुंद, पंख छपरासारखे उतरते. ती चावत नाही. आणि तापाचं उत्तर राहिलं.

पांढरी_माती:
कागद लावला होता. 11 चिकटल्यात, बहुतेकांचे पंख उभे. घरात कुणाला ताप नाही. गुऱ्हाळावरचा एक गडी गोठ्याशेजारच्या खोलीत राहतो, त्याला 3 आठवडे ताप येतोय. गोळ्या दिल्या, उतरतो, परत येतो. बिहारचा आहे, सारणकडचा. पण तो घरातला नाही.

फवारणी_पथक:
हेच पहिल्या ओळीत हवं होतं. आपल्याकडं हा आजार माणसाकडून माशीत आणि माशीतून माणसात जातो, गाई-म्हशींतून नाही. कोल्हापूर या आजाराच्या पट्ट्यात नाही, म्हणून नुसती माशी असणं म्हणजे काळा आजार नव्हे. सारण मात्र त्या पट्ट्यातलंच. दोन आठवड्यांच्या वरचा ताप, वजन घटणं, डाव्या बरगडीखाली पाणथरी वाढून कडक लागणं, यातलं काय आहे ते डॉक्टरांनी बघायला हवं. उद्याच कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात न्या. त्याचं गाव सांगा आणि काळ्या आजाराच्या आरके39 चाचणीचं विचारा. आधी हा आजार होऊन गेलाय का तेही सांगा, कारण बरा झाल्यावरही ती चाचणी बराच काळ पॉझिटिव्ह येते. त्याच्यावर संशय घेऊन त्याला हाकलू नका. तो दुसरीकडं गेला तर उपचार राहतील आणि तिथल्या माश्यांना रक्त मिळेल.

शिवारातला_पंप:
टायफॉईड असेल. तीन आठवडे टायफॉईडच चालतो.

फवारणी_पथक:
असेलही. क्षयाचा असेल, हिवतापाचा असेल. म्हणून तर तपासणी.

कोकणवाट:
मच्छरदाणी लावली की झालं ना?

फवारणी_पथक:
साध्या जाळीतून ती आत शिरते, डासाहून बारीक असते. बारीक विणीची किंवा औषध लावलेली हवी. टेबलफॅन अंगावर सोडा, वाऱ्यात तिला उडता येत नाही.

पांढरी_माती:
सकाळी त्याला घेऊन जातोय. पोट डावीकडं कडक लागतंय म्हणाला. भिंतीला रविवारी गिलावा, फवारणीचं आरोग्य केंद्रात विचारतो. म्हशी भिंतीपासून किती लांब बांधू?

भेंडे_गिलावा:
जागा किती आहे परड्यात?

चुनाभट्टी:
लांब बांधल्या तर माश्या घरात येतील, म्हशीचं रक्त मिळेना म्हणून.

फवारणी_पथक:
यावर आमच्यातही दोन मतं आहेत. गोठ्यामुळं माशी वाढते, पण ती चावते म्हशीलाच जास्त. म्हशी हलवायच्या आधी भिंतीच्या बुडाचं शेणखत उचला आणि मुताची नाली भिंतीपासून वळवा.