मदत हवी आहे: नाईट लाईट लावूनही झोप लागत नाही, डोळेही चुरचुरतात

रात्रपाळी_पुणे: क्लायंट अमेरिकेतला, त्यामुळे रात्री एकपर्यंत लॅपटॉप सुटत नाही. विंडोजमधलं `Night light` संध्याकाळीच सुरू होतं, स्क्रीन चांगली पिवळी दिसते. तरी दोनपर्यंत टक्क जागा, आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. निळा प्रकाश अडवणारा चष्मा घेऊ का?

सुहास_ना: घ्या की! निळ्या प्रकाशाने मेलाटोनिन हे झोपेचं हार्मोन दबतं, झोप उडते. डोळ्याचा पडदाही खराब होतो.

दृष्टी_ऑप्टो: मेलाटोनिनचं बरोबर आहे, पडद्याचं नाही. स्क्रीनपेक्षा कितीतरी जास्त निळा प्रकाश दिवसा आभाळातून डोळ्यांत जातो. चष्म्याबद्दल कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेच्या 2023 च्या आढाव्यात 17 चाचण्या तपासल्या होत्या. डोळ्यांच्या ताणात, निदान थोड्या काळात, फरक पडेल असं दिसलं नाही. पैसे वाचवा.

रात्रपाळी, ब्राइटनेस किती असतो? खोलीत दिवा? एसी कुठे?

मेघा_डिझाईन: मी लग्नपत्रिका करते. नाईट लाईट असलं की क्रीम आणि पांढरा एकच दिसतो, म्हणून बंदच ठेवते. डार्क मोडने भागेल का?

दृष्टी_ऑप्टो: मेघाताई, डार्क मोड वेगळा, त्यात फक्त मागची बाजू काळी होते. रंगकामाला नाईट लाईट बंदच बरं.

रात्रपाळी_पुणे: ब्राइटनेस 100. दिवा बंद, बायको झोपलेली असते. एसीचा झोत तोंडावर.

दृष्टी_ऑप्टो: मग दोन गोष्टी वेगळ्या करू. चुरचुर रंगाने होत नाही. स्क्रीनकडे टक लावली की पापण्या कमी मिटतात, त्यात एसीचा वारा, मग अश्रूंचा थर सुकतो. झोत वळवा, स्क्रीन नजरेच्या किंचित खाली घ्या, मुद्दाम पापण्या पूर्ण मिटा. तरी राहिलं तर डोळे तपासून घ्या.

झोपेचं म्हणाल, तर पिवळा रंग निळा भाग कमी करतो, पण 100 ब्राइटनेसवर उरलेला प्रकाशही अंधाऱ्या खोलीत पुष्कळ होतो. आयपॅडमध्ये नाईट लाईटसारखीच `Night Shift` नावाची सोय असते, तिच्यावर एक प्रयोग झाला होता. कमी पिवळं आणि जास्त पिवळं, दोन्हींत मेलाटोनिन जवळपास सारखंच दबलं. म्हणून आधी ब्राइटनेस उतरवा. पांढरं पान दिव्यासारखं चमकू नये, कागदासारखं दिसावं. आणि सकाळी उठल्यावर उन्हात फिरा. दिवसभर भरपूर उजेड मिळाला की रात्रीच्या स्क्रीनचा परिणाम कमी होतो, असंही दिसलंय.

सुहास_ना: पण माझी झोप चष्म्यानेच सुधारली!

दृष्टी_ऑप्टो: सुधारली असेल, नाही म्हणत नाही. चष्मा घातल्यापासून लॅपटॉप लवकर मिटता का, तेही बघा.

रात्रपाळी_पुणे: ब्राइटनेस 30 वर आणला, तर एक्सेलमधले आकडे पुसट दिसतात.

दृष्टी_ऑप्टो: झूम 125 करा आणि स्क्रीनच्या मागे भिंतीकडे तोंड करून पिवळा छोटा दिवा लावा. काळोखात एकटी स्क्रीन जास्त खुपते. मात्र एकपर्यंत क्लायंटशी वाद घालून डोकं तापलं असेल, तर त्यावर यातलं काहीच चालणार नाही. शेवटचा कॉल किती वाजता असतो?